साहेब सीसीत आले आणि सुदेशचा फोन बंद झाला

"मी वास्कोला एका खासगी ऑफिसात काम करतो. आमच्याकडे काही बिघडलं की तोंडी बोललेलं सगळे सोयीने विसरतात, म्हणून मी प्रत्येक मेलमध्ये साहेबांना सीसीत ठेवतो. हल्ली बरोबरचे लोक माझ्याशी कामापुरतंच बोलतात. एकाने तर मला 'साहेबांचा कॅमेरा' असं नाव पाडलंय. सीसी बंद करायची हिंमत होत नाही. उद्या काही अंगावर आलं तर?"

तुमचं पत्र वाचताना मला प्राची आठवली. तिची परवानगी घेऊन सांगते आहे. नावं आणि काही तपशील बदललेत. ती मूळची सावंतवाडीकडची. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात नोकरी, राहायला फोंड्याला भाड्याची खोली. दर शनिवारी संध्याकाळी तिस्कावर माझ्याकडे यायची. पहिल्यांदा आली ती झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-अडीचला जाग येते, हात फोनकडे जातो, कोणाची मेल आली का बघते, आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. सीसीचा विषय दुसऱ्या बैठकीत निघाला, तोही भलत्याच वाटेने. निघता निघता ती म्हणाली, "आमच्या बसमधला सुदेश आता माझी जागा धरत नाही."

मी तिला पुन्हा बसवलं. उठताना बोललेल्या वाक्याकडे आम्ही समुपदेशक जरा जास्तच लक्ष देतो.

कंपनीची बस फोंड्याहून सुटून बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला जाते. सुदेश एक थांबा आधी चढायचा आणि खिडकीजवळच्या जागेवर आपली डब्याची पिशवी ठेवून ती जागा प्राचीसाठी अडवायचा. दीड वर्ष असं चाललं होतं. वाटेत गप्पा निम्म्या घरच्या, निम्म्या कामाच्या. आता तो पुढच्या बाकावर इयरफोन घालून बसतो आणि ती चढली की खिडकीबाहेर बघतो.

दोघांचं काम कसं एकमेकांत अडकलंय ते थोडं सांगायला हवं. प्राची प्लॅनिंगमध्ये. गोळ्यांच्या पॅकिंगला लागणारी फॉइल, कार्टन, आतली माहितीपत्रकं बाहेरून छापून येतात. माल गोदामात उतरला की त्यावर पिवळं लेबल लागतं, म्हणजे तपासणी व्हायची आहे. मग क्वालिटीचा माणूस नमुने घेतो, मंजूर झालेल्या मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून बघतो, आणि सगळं जुळलं तर हिरवं लेबल लागतं. हिरवं लागेपर्यंत तो माल लाइनवर नेता येत नाही. हे ताडून बघणारा माणूस म्हणजे सुदेश. हिरवं लेबल उशिरा लागलं की वेळापत्रक कोसळतं प्राचीचं, आणि जाबही तिलाच द्यावा लागतो. दोघांत खटका उडायला कोणी वाईट असायची गरजच नाही. कामच तसं आहे.

तिने मला फोनवर एक मेल दाखवली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची. "कार्टनचं रिलीज अजून मिळालेलं नाही. आज दुपारच्या पाळीत लाइन सुरू व्हायची आहे. कृपया तातडीने करावे." टूमध्ये सुदेश. सीसीत तिचे प्लांट हेड, आणि शिवाय सुदेशचे क्वालिटीचे साहेब. नमुने प्रयोगशाळेत पोचले होते आदल्या दिवशी संध्याकाळी चारला. सुदेशचं टेबल तिच्या टेबलापासून बावीस पावलांवर. हे तिनेच नंतर मोजून सांगितलं.

"यात खोटं काय आहे?" तिने विचारलं.

खोटं काहीच नव्हतं. पण ही मेल सुदेशला उद्देशून असली तरी लिहिली होती साहेबांसाठी. सुदेशला तर हे सगळं माहीतच होतं. लाइन दुपारी सुरू व्हायची आहे हे त्याला बसमध्येच समजलं होतं, आणि तेही तिच्याच तोंडून. जे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे ते त्याला पुन्हा लिहायचं आणि दोन साहेबांसमोर लिहायचं, याचा अर्थ त्याने काय घ्यावा? सरकारी पत्राच्या खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' अशी ओळ असते. ती ओळ वाचून कोणाला राग येत नाही, कारण तिथे प्रत कोणाला जायची ते आधीच ठरलेलं असतं. सीसीमध्ये ते आपण ठरवतो, दर वेळी, स्वतःच्या बोटाने. म्हणून ती वैयक्तिक लागते.

डेव्हिड डी क्रेमर नावाच्या केंब्रिजमधल्या अभ्यासकाने २०१७ साली यावरच्या सहा अभ्यासांबद्दल लिहिलं होतं. त्यांतल्या प्रयोगांत ५९४ नोकरदार माणसं होती. सहकारी साहेबांना मेलमध्ये नेहमी घेतो, कधीकधी घेतो, किंवा जवळजवळ कधीच घेत नाही, अशा तीन परिस्थिती लोकांपुढे ठेवल्या गेल्या. 'नेहमी' म्हटल्यावर, आपल्यावर याचा विश्वास नाही, असं लोकांना बाकी दोन्हींपेक्षा बरंच जास्त वाटलं. शिवाय लोक तेवढ्यावर थांबत नाहीत. एकंदर कंपनीतच कोणाचा कोणावर भरवसा नाही, असाही निष्कर्ष ते काढतात. मला यातला 'नेहमी' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एखाद्या मेलमधल्या सीसीने काही होत नाही. सवय झाली की तिचा अर्थ लागायला लागतो.

प्राचीला ही सवय लागली त्याला कारण होतं. आधीच्या नोकरीत एका वरिष्ठाने तिला तोंडी सांगितलं, "फॉइल लाइनवर घे, कागद उद्या करू." दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तो म्हणाला, मी असं बोललोच नाही. मेमो हिला मिळाला. तिचे वडील तेव्हा आजारी होते, नोकरी जाणं परवडणारं नव्हतं. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं की यापुढे साक्षीदाराशिवाय काही बोलायचं नाही. त्यात औषधांचा धंदा असा, की तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात, लिहिलं नाही म्हणजे झालंच नाही. यंत्राच्या आणि बॅचच्या बाबतीत ते योग्यच आहे. प्राचीने तो नियम माणसांना लावला.

आमच्या शास्त्रात याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. ज्याला लिफ्टमध्ये गुदमरायची भीती वाटते तो पाण्याची बाटली घेतल्याशिवाय लिफ्टमध्ये चढत नाही. काही होत नाही, सुखरूप उतरतो, आणि श्रेय मिळतं बाटलीला. बाटली नसती तरी काही झालं नसतं, हे त्याला कधी कळायची संधीच मिळत नाही. म्हणून भीती वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. प्राचीचंही तेच. दोन वर्षांत तिच्यावर काही बालंट आलं नाही, आणि तिच्या हिशेबी ते सीसीमुळे.

पण त्या दोन वर्षांत तिचं जे गेलं, त्याचा हिशेब तिने मांडला नव्हता. तिसऱ्या शनिवारी मी तिला विचारलं, "पूर्वी सुदेश तुला फोन कशासाठी करायचा?" ती हसली. "अहो, कशासाठीही. गाडी गेटवर आलीय, कार्टनचा रंग मला जरा फिका वाटतोय, तू आज दुसरं प्रॉडक्ट लावून ठेव, असं." आणि आता? "आता मेल येते. संध्याकाळी पाचला. 'छटेतील तफावतीमुळे माल नाकारण्यात आला आहे.' आणि सीसीत त्याचे साहेब."

यातला फरक बघा. 'मला जरा फिका वाटतोय' हे वाक्य सकाळी साडेआठचं, अर्धकच्चं, चुकीचंही ठरू शकणारं. ते माणूस फक्त त्यालाच सांगतो जो ते उद्या त्याच्यावर उलटवणार नाही. साहेबांच्या समोर कोणी 'मला वाटतंय' म्हणत नाही. खात्री झाल्यावरच बोलतो, आणि खात्री व्हायला संध्याकाळ होते. प्राचीकडे प्रत्येक गोष्टीचा पुरावा जमत होता, पण खबर मिळायची बंद झाली होती. पुरावा घटना घडून गेल्यावर कामाला येतो. खबर आधी येते. लाइन बंद पडायची वाचते ती खबरीमुळे. त्या तिमाहीत लाइन जास्त वेळा बंद पडली, तिला जास्त वेळा जाब द्यावा लागला, म्हणून तिने सीसी आणखी वाढवली. चक्र फिरत होतं ते असं.

मग मी तिला मोजायला लावलं. मागच्या दोन आठवड्यांतल्या तिने पाठवलेल्या मेल उघडायच्या आणि साहेब सीसीत आहेत त्या वेगळ्या काढायच्या. एकूण ९६ मेल होत्या, त्यांतल्या ७१ मध्ये साहेब. प्रत्येकीसमोर वहीत एकच ओळ लिहायची: साहेबांनी ही वाचून काय करायला हवं होतं? सहा मेल अशा निघाल्या की जिथे साहेबांचा निर्णय हवाच होता. अकरा ठिकाणी त्यांना निदान कळायला हवं होतं. उरलेल्या ५४ समोर तिने लिहिलं, 'काही नाही.' एका ठिकाणी तर मेल होती, 'कृपया स्टेपलर परत करावा.' आम्ही दोघीही खूप हसलो. पहिल्यांदाच.

भीतीची सीसी ओळखायची खूणही तिनेच शोधली. ज्या सहा मेलमध्ये साहेबांची गरज होती, तिथे त्यांचं नाव तिने मजकूर लिहायच्या आधी घातलं होतं. बाकी ठिकाणी मेल लिहून व्हायची, ती पुन्हा वाचायची, पोटात काहीतरी हलायचं, आणि मग नाव घातलं जायचं. घातल्यावर जरा हायसं वाटायचं, पण ते दहा मिनिटंच टिकायचं. त्यानंतर उत्तर आलं का म्हणून बघणं सुरू.

आता माझी चूक. मला वाटलं, आकडे इतके स्पष्ट आहेत, तर उशीर कशाला. मी तिला म्हटलं, सोमवारी सुदेशशी सरळ बोल, आणि त्याला शब्द दे की यापुढे सीसी नाही. तिने दिला. कॅन्टीनमध्ये, चहा घेताना. "माझा तुझ्यावर अविश्वास नव्हता रे." तो म्हणाला, "मग साहेब कशाला होते?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. तरी शब्द दिला. बुधवारी एका माहितीपत्रकाचं रिलीज अडकलं. तिला धीर धरवेना, आणि शब्द तर मोडायचा नव्हता. तिने साहेबांना सीसीतून काढून बीसीसीत घातलं.

बीसीसीतलं नाव इतरांना दिसत नाही, हे खरं. पण त्या माणसाने 'रिप्लाय ऑल' दाबलं की त्याचं उत्तर सगळ्यांना जातं. साहेबांनी गाडीत बसल्या बसल्या मेल बघितली आणि सगळ्यांना उत्तर दिलं: "सुदेश, लवकर करा."

त्या शनिवारी प्राची माझ्यासमोर बसून रडली, आणि त्यात माझाही वाटा होता. सुरक्षा-वर्तन एका दिवसात काढून घेतलं की माणूस दुसरं शोधतो, आणि दुसरं बहुधा आधीच्यापेक्षा लपलेलं असतं. हे मला माहीत असायला हवं होतं, होतंही. शब्द आधी आणि वागणं मागाहून, हा क्रम मी चुकवला. निदान सीसी समोरच्याला दिसते तरी. बीसीसी उघडी पडली की मागच्या सगळ्या मेलवर संशय येतो. तुम्ही ती वाट धरली नसेल तर धरू नका.

पुन्हा पहिल्यापासून लागलो. या वेळी कोणाला काही सांगायचं नाही, नुसतं करून बघायचं. आठवड्याला पाच मेल साहेबांशिवाय पाठवायच्या. पाठवण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय होईल असं वाटतं, भीती शंभरपैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं. सुरुवात कमी भीतीच्या मेलने. पहिली मेल गोदामातल्या एका कार्टनची शिल्लक विचारणारी होती; भीती तीस; भाकीत, 'उत्तर देणारच नाहीत.' वीस मिनिटांत उत्तर आलं. दुसऱ्या आठवड्यात सुदेशला फॉइलच्या तारखेबद्दल मेल, भीती सत्तर. त्या दिवशी उत्तर आलं नाही.

हीच परीक्षेची जागा असते. तिची बोटं ती मेल साहेबांना पुढे ढकलायला शिवशिवत होती. पण आम्ही आधीच एक उतरंड ठरवून ठेवली होती. उत्तर आलं नाही तर पहिल्यांदा उठून बावीस पावलं चालत जायचं. तिथे भेट झाली नाही तर त्यालाच, एकट्याला, दुसरी मेल. तरीही अडलं तर त्याला तोंडावर सांगायचं की 'चारपर्यंत झालं नाही तर मला सरांना कळवावं लागेल, कारण प्लॅन बदलायला त्यांची परवानगी लागते.' आणि मग चारला सीसी. आधी सांगून केलेली सीसी कोणाला फारशी बोचत नाही असा माझा अनुभव आहे. माणसाला वर्मी लागतं ते न सांगता केलेलं. त्या दिवशी मात्र पहिल्या पायरीवरच भागलं. सुदेश जागेवर होता, मेल त्याने पाहिलीच नव्हती, दुसऱ्या बॅचच्या ढिगात तो बुडालेला होता. "उद्या सकाळी देतो," एवढं म्हणाला. वर बघितलं नाही, पण सकाळी दिलं.

पुरावा मात्र तिने सोडला नाही, आणि सोडावा असं मी म्हणणारही नव्हते. तुमच्या पत्रातला खरा प्रश्नही हाच आहे. लेखी नोंद आणि साहेबांना प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गाठ मारून टाकलेली असते. तुम्ही एखाद्याला मेल पाठवलीत की ती तुमच्या सेंट फोल्डरमध्ये तारीख-वेळेसह राहते, साहेब सीसीत असोत वा नसोत. बोलणं तोंडी झालं असेल तर त्याच माणसाला, एकट्याला, दोन ओळी टाकायच्या: 'आत्ता आपलं ठरलं त्याप्रमाणे मी फॉइलचं काम गुरुवारवर नेतेय. माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर सांग.' यात नोंदही झाली आणि त्याला दुरुस्तीची जागाही मिळाली. उद्या वाद निघालाच तर ही मेल तेव्हा काढून दाखवता येते. साहेबांच्या डोळ्यांसमोर ती आज असण्याने तिचं वजन वाढत नाही.

साहेबांचे डोळे म्हणाल तर त्याची गंमत पुढे कळली. पाचव्या आठवड्यात मी प्राचीला साहेबांकडून पंधरा मिनिटं मागून घ्यायला सांगितलं. सीसी बंद करू का, असं विचारायचं नाही. विचारायचं, की कुठल्या गोष्टी तुम्हाला त्याच दिवशी कळायला हव्यात. साहेबांनी तीन सांगितल्या. लाइन अर्ध्या पाळीपेक्षा जास्त थांबणार असेल तर, ग्राहकाला दिलेली डिस्पॅचची तारीख हलणार असेल तर, आणि कोणी नियम डावलून काही करायला सांगितलं तर. बाकी सगळं शुक्रवारी दहा ओळींत. मग त्यांनी आपली स्क्रीन तिच्याकडे वळवली. ज्या मेलमध्ये ते नुसते सीसीत असतात त्या आपोआप एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातील, असा नियम त्यांनी केव्हाच लावून ठेवला होता. त्या फोल्डरवर न वाचलेल्या मेलचा आकडा तीन हजारांच्या वर होता. मधूनमधून फोनवर एखादी दिसली तर ते उत्तर देत, बाकी राम भरोसे.

दोन वर्षं तिने जी ढाल धरली होती ती कोणी बघतच नव्हतं. सुदेशला मात्र ती रोज दिसत होती.

हे ऐकून तिला आधी राग आला, साहेबांचा. मला विचाराल तर साहेबांचा दोष होताच. सीसीतून आलेल्या भांडणात सगळ्यांसमोर 'लवकर करा' म्हणणारा वरिष्ठ नकळत शिकवत असतो की ही युक्ती चालते. त्यांनी तेव्हा प्राचीला एकटीला फोन करून 'तू सुदेशशी बोललीस का?' एवढं विचारलं असतं, तर माझ्याकडे यायची तिची निम्मी गरज संपली असती. पण साहेब माझ्यासमोर बसलेले नव्हते, प्राची होती.

तुमच्या बाबतीत एक-दोन गोष्टी मला पत्रावरून कळत नाहीत, म्हणून सावधपणे सांगते. साहेबांनी स्वतःच 'मला प्रत्येक मेलमध्ये ठेव' असं सांगितलं असेल, तर ते बरोबरच्यांना एकदा सांगून टाका. आज ते तुमच्या नावावर जमा होतंय. कोणी तोंडी चुकीचं काम करायला सांगत असेल, पैशांचं किंवा सुरक्षिततेचं, तर तिथे साहेबांना कळवणं हे कर्तव्यच आहे आणि नुसत्या सीसीत नाव घालून ते पार पडत नाही. तेवढ्यासाठी त्यांना सरळ वेगळी मेल लिहा. स्त्रियांच्या लैंगिक छळाची बाब असेल तर सीसी हा मार्गच नव्हे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार द्यायची असते. आणि तुमचे साहेबच जर चूक झाल्यावर हाताखालच्यांना पुढे करणारे असतील, तर वही आणि आकडे फार दूर नेणार नाहीत. अशा ठिकाणी नोंदी नीट ठेवाव्यात आणि शांतपणे दुसरी नोकरी शोधावी, हे मी एकाहून जास्त जणांना सांगितलंय.

प्राचीकडे परत येते. आठ आठवड्यांनी तिच्या ७१ च्या जागी दोन आठवड्यांना १९ मेल उरल्या होत्या. झोप सुधारली, पूर्ण नाही. सुदेशशी बोलायचं मात्र मी आता घाईने सुचवलं नाही. एका सकाळी बस बोरीच्या पुलावर अडकली, मागचं-पुढचं काही हलेना, तेव्हा तीच त्याच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिली. आधीच्या नोकरीतल्या मेमोची गोष्ट तिने त्याला सांगितली. दीड वर्षाच्या गप्पांत ती कधी सांगितली नव्हती. बीसीसीबद्दलही सांगितलं, कारण न देता: "ते मी केलं होतं." त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "माझ्या अप्रेझलमध्ये 'प्लॅनिंगला वेळेवर सहकार्य नाही' असं आलंय, माहितीय तुला?" तिला माहीत नव्हतं. तिच्या मेलमुळेच ते आलं असेल असं नाही, पण नसेलच असंही नाही. पुढचा रस्ता दोघं गप्प बसून गेले. त्या शनिवारी तिने मला विचारलं, याची भरपाई कशी करायची? मी म्हटलं, तुझ्या शुक्रवारच्या दहा ओळींत काय काय असतं? तेव्हापासून त्यात एखादी ओळ सुदेशच्या कामाची जायला लागली, जिथे ती खरी होती तिथेच. 'कार्टनवरची चूक क्वालिटीने वेळेत पकडली, म्हणून लाइन थांबली नाही', अशी.

चवथ तोंडावर आली. गोव्यात चवथीच्या आधीचा आठवडा म्हणजे कारखान्यात धावपळ; अर्धी माणसं रजेवर निघालेली, फोंड्याच्या बाजारात माटोळीचं सामान मांडलेलं, आणि डिस्पॅच मात्र सुट्टीआधी जायलाच हवं. रजेच्या आदल्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी प्राचीचा फोन वाजला. सुदेश. "फॉइल आलीय. छपाईत बॅच नंबरची जागा मला जरा सरकल्यासारखी वाटते. अजून मोजली नाही. पण तू दुसरं काहीतरी लावून ठेव." तिने लावलं. अकरा वाजता मोजमाप झालं, फॉइल नापास. लाइन थांबली नाही.

हे सांगताना ती खूश होती, पण पुरती नाही. दुपारी त्याची रीतसर मेल आली होती, 'फॉइल नाकारण्यात आली आहे', आणि सीसीत होते त्याचे साहेब, तिचे साहेब आणि गोदामाचे प्रमुख. "मी बंद केलं मॅडम," ती म्हणाली, "आता त्याला कोण सांगणार?"